ब्रॉडकास्ट लिस्ट की ग्रुप? सूचना सगळ्यांना जावी पण उत्तर एकट्याकडेच यावं यासाठी काय करायचं

मी चित्रकलेचा क्लास घेते, मुलं 73, म्हणजे सूचना पाठवायची तर 73 पालकांना. पहिली दोन वर्षं सरळ ग्रुप होता, कारण दुसरं काही असतं हेच डोक्यात नव्हतं. मग एकदा मी लिहिलं की "शनिवारी क्लास नाही, ज्यांची मुलं रविवारी येऊ शकतात त्यांनी कळवा", आणि एका आईने तिथेच लिहून टाकलं की मुलगी गेले दोन महिने कुठल्या आजारातून जातेय, कुठली औषधं चालू आहेत, म्हणून रविवारी जमणार नाही. तिला वाटलं ती मला लिहितेय. 72 घरांनी वाचलं. अर्ध्या तासाने तिच्या लक्षात आलं, तिने मेसेज डिलीट केला, पण तोवर दोघीतिघींनी "काळजी घ्या" लिहूनही झालं होतं. त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला, तो इथे लिहितेय. उदाहरणं व्हॉट्सॅपची आहेत कारण सूचना बहुतेक तिथेच जातात, बाकी ॲप्सचं शेवटाकडे थोडक्यात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण सगळा घोळ इथेच होतो. प्रश्न दोन आहेत आणि लोक ते एकच समजतात. पहिला, उत्तर कोणाकोणाला दिसतं. दुसरा, यादीत कोण कोण आहे हे कोणाकोणाला दिसतं. ग्रुपमध्ये दोन्हींचं उत्तर "सगळ्यांना". ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये दोन्हींचं उत्तर "फक्त पाठवणाऱ्याला". आणि ज्याला लोक मधला रस्ता समजतात, म्हणजे "फक्त ॲडमिन लिहू शकतो" असा ग्रुप, तो फक्त पहिला प्रश्न सोडवतो. दुसरा तसाच राहतो. तोंड बंद केलं तरी नंबर उघडेच.

म्हणजे नक्की काय दिसतं? ग्रुपमध्ये असलेला कोणीही ग्रुपच्या माहितीत जाऊन पूर्ण यादी बघू शकतो, ज्यांचे नंबर त्याच्याकडे सेव्ह नाहीत त्यांचे नंबर आणि त्यांनी स्वतः ठेवलेलं नाव दिसतं, प्रोफाइल फोटो "सगळ्यांना" असा ठेवला असेल तर फोटो पण. तिथून सरळ त्या व्यक्तीला वैयक्तिक मेसेज टाकता येतो. माझ्या ग्रुपमधल्या एका पालकांनी तेच केलं, यादीतले नंबर उचलून स्वतःच्या धंद्याची जाहिरात एकेकाला पाठवली, आणि शिव्या मला पडल्या, बरोबरच होतं म्हणा. ग्रुप सोडला तरी लगेच सुटका नाही, आधीचे सदस्य म्हणून 60 दिवस नाव यादीत दिसत राहतं.

आणि कधीकधी नंबरपेक्षा नुसतं यादीत असणंच खाजगी असतं. चित्रकलेच्या क्लासला जाणं लपवण्यासारखं काही नाही. पण एखादी समुपदेशक तिच्याकडे येणाऱ्या लोकांना "पुढच्या आठवड्यात मी नाही" हे ग्रुपवर कळवत असेल तर तिने प्रत्येकाला सांगून टाकलं की बाकीचे कोण कोण येतात. तिथे एकही शब्द लिहिला गेला नाही तरी नुकसान झालेलं असतं. अशा ठिकाणी ग्रुप हा पर्यायच नाही, ॲडमिनपुरता केला तरी नाही.

ब्रॉडकास्ट लिस्ट कशी चालते

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवल्यासारखा जातो. समोरच्याला तो तुमच्या नेहमीच्या चॅटमध्येच दिसतो, आणखी कोणाला गेलाय हे त्याला कळायला मार्ग नाही, लिस्टला तुम्ही दिलेलं नाव पण त्याला दिसत नाही. तो उत्तर देतो ते तुमच्या दोघांच्या चॅटमध्ये येतं, आणि तुमच्या फोनवर त्या चॅटमधल्या मेसेजला कर्ण्याचं छोटं चिन्ह दिसतं म्हणजे हा ब्रॉडकास्टमधून गेला होता हे तुम्हाला ओळखता येतं. एका लिस्टमध्ये जास्तीत जास्त 256 लोक. ग्रुपमध्ये 1024 पर्यंत मावतात, पण सूचनांसाठी त्या आकड्याचा मला कधी संबंध आला नाही.

आता यातली गोम. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. तुम्ही त्यांचा सेव्ह केलाय हे पुरत नाही, तो तर लागतोच, कारण लिस्ट तुमच्या काँटॅक्टमधूनच बनते, पण उलट बाजूनेही लागतो. नसेल तर मेसेज पोचत नाही आणि तुम्हाला कुठलाही एरर येत नाही. तुमच्या स्क्रीनवर मेसेज गेलेला दिसतो, तुम्ही निश्चिंत, आणि शनिवारी सकाळी पाच मुलं बंद दारासमोर उभी. ही अट स्पॅम थांबवायला आहे आणि ती योग्यच आहे, पण माहीत नसेल तर चांगलंच तोंडावर पाडते.

त्यामुळे लिस्ट बनवणं हे दोन मिनिटांचं काम आहे, पोचतंय का हे तपासणं हे खरं काम. मी जसं केलं तसं क्रमाने सांगते.

1. आधी नंबर सेव्ह करून घेणं. मी प्रत्येकाला वेगळा मेसेज टाकला (हो, 73 वेळा, कॉपी-पेस्ट, दोन संध्याकाळी गेल्या): "नमस्कार, यापुढे क्लासच्या सूचना ग्रुपवर येणार नाहीत, माझ्या या नंबरवरून थेट तुम्हाला येतील. त्यासाठी हा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह असणं गरजेचं आहे, नसेल तर सूचना पोचणार नाही. सेव्ह केल्यावर 'झालं' एवढं लिहा." "नसेल तर पोचणार नाही" हे वाक्य गाळू नका, त्याच्याशिवाय लोक नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळे होतात. ज्यांच्याकडे माझा जुना नंबर सेव्ह होता त्यांची वेगळीच गंमत, त्यांना वाटत होतं आपल्याकडे तर आहेच, त्यामुळे मेसेजमध्ये नंबर आकड्यांत पूर्ण लिहा, देशाच्या कोडसकट.

2. लिस्ट बनवणं. अँड्रॉइडवर चॅटच्या स्क्रीनवर वरचे तीन ठिपके, त्यात `New broadcast`, मग एकेक नाव निवडायचं, झालं. काँटॅक्टमध्ये नावं सेव्ह करताना सगळ्यांच्या आधी एकच शब्द लावून ठेवा, मी "चित्र" लावते, चित्र-अमुक, चित्र-तमुक, मग निवडताना "चित्र" टाईप केलं की सगळे एका खाली एक येतात आणि कोणी सुटत नाही, शिवाय चुकून तुमची मावशी लिस्टमध्ये जात नाही. लिस्ट उघडून वर नावावर दाबलं की नाव बदलता येतं, लोक घालता-काढता येतात.

3. चाचणीचा मेसेज. पहिला मेसेज महत्त्वाचा पाठवू नका. मी लिहिलं, "ही चाचणी आहे, उत्तर द्यायची गरज नाही." मग पूर्ण एक दिवस थांबायचं, कारण कोणाचा फोन बंद, कोणाचं नेट संपलेलं.

4. हिशोब करणं. दुसऱ्या दिवशी लिस्टमधल्या त्या मेसेजवर दाबून धरायचं आणि माहिती उघडायची (अँड्रॉइडवर गोलातला i, किंवा मेनूतलं `Info`). तिथे कोणी वाचला आणि कोणाला पोचला अशी नावं येतात. माझं असं आलं: 73 पैकी 61 जणांना पोचला, 12 राहिले. सगळ्यांनी "झालं" लिहून पाठवल्यानंतरचा हा हिशोब आहे, लक्षात घ्या.

5. राहिलेले 12 का राहिले ते शोधणं. इथे एक सोपी युक्ती आहे. त्या बाराजणांना एकेकाला साधा वैयक्तिक मेसेज टाकायचा आणि टिक बघायच्या. वैयक्तिक मेसेजला दोन टिक आल्या पण ब्रॉडकास्टच्या माहितीत "पोचला" मध्ये नाव नाही, म्हणजे फोन चालू आहे, नेट आहे, फक्त तुमचा नंबर सेव्ह नाही. माझ्याकडे असे 8 निघाले. वैयक्तिकलाही एकच टिक राहिली तर फोन बंद असेल, नंबर बदलला असेल, किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल, तिथे फोन करून बघणं एवढंच हातात. असे 3 होते, दोघांनी खरंच नंबर बदलला होता आणि मला सांगायचं राहून गेलं होतं. उरलेला एक तासाभराने आपोआप पोचला, फोन दुरुस्तीला दिला होता म्हणे.

त्या 8 मध्ये पाचजण शपथेवर सांगत होते की सेव्ह केलाय. शेवटी एकाला क्लास सुटल्यावर फोन दाखवायला सांगितला तर नंबर पत्नीच्या फोनमध्ये सेव्ह होता आणि मला दिलेला नंबर यांचा. दुसऱ्या एकाने सेव्ह करताना एक आकडा चुकवला होता. तर "केलंय" यावर विश्वास ठेवू नका, टिकवर ठेवा.

6. ही तपासणी दर थोड्या महिन्यांनी परत. नवीन फोन घेतला की लोकांचे काँटॅक्ट हरवतात आणि तुम्ही गुपचूप यादीतून गळता. मी दर सत्राच्या सुरुवातीला वेळापत्रक पाठवते तेव्हाच माहिती उघडून बघते, वेगळी चाचणी करत नाही.

एक बारकावा "वाचला" या आकड्याबद्दल. ज्यांनी सेटिंगमधून निळ्या टिक बंद केल्यात त्यांनी ब्रॉडकास्ट वाचला तरी तुम्हाला "वाचला" दिसणार नाही, कारण हा शेवटी वैयक्तिक चॅटच आहे. ग्रुपमध्ये मात्र निळ्या टिक बंद ठेवता येत नाहीत, तिथे वाचलं की दिसतंच. त्यामुळे ग्रुपवरून ब्रॉडकास्टवर आलात की वाचणारे अचानक कमी झाले असं वाटतं, ते तसं नसतं. तुमच्या स्वतःच्या निळ्या टिक बंद असतील तर तुम्हाला कोणाच्याच दिसणार नाहीत. "पोचला" हा आकडा धरून चाला.

मेसेजची भाषा बदलावी लागते

हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी आपटले. ग्रुपवर लिहिलेलं वाक्य सगळ्यांसाठी आहे हे वाचणाऱ्याला जागेवरूनच कळतं. ब्रॉडकास्ट वैयक्तिक चॅटमध्ये उगवतो, त्यामुळे ते वाक्य फक्त आपल्यालाच आलंय असं वाटतं. मी पाठवलं होतं, "फी भरायची शेवटची तारीख 10 आहे, कृपया लवकर भरावी." रात्री साडेनऊपासून फोन सुरू. "मॅडम, मी तर पहिल्या दिवशीच भरली, तुमच्याकडे नोंद नाही का?" "असं एकट्याला लिहायचं होतं तर आधी बोलायचं होतंत." एका आजोबांनी तर पावतीचा फोटो तीनदा पाठवला.

तेव्हापासून पहिली ओळ ठरलेली: "सर्व पालकांसाठी सूचना." आणि शेवटची ओळ पण ठरलेली, कोणी उत्तर द्यायचं आणि कोणी नाही ते. "फी भरली असेल तर उत्तराची गरज नाही." किंवा "जे रविवारी येणार नाहीत त्यांनीच फक्त 'नाही' लिहा." शेवटची ओळ नसली तर 73 "ओके" आणि 40 नमस्कार तुमच्या चॅटच्या यादीत वर येऊन बसतात आणि त्यात खरा प्रश्न विचारणारा कुठेतरी खाली दबतो. ग्रुपमध्ये हे "ओके" सगळ्यांना छळतात, ब्रॉडकास्टमध्ये ते फक्त तुम्हाला छळतात, एवढाच फरक. ब्रॉडकास्टची किंमत पाठवणारा मोजतो, हे मान्य करूनच त्यात पडा.

तोच प्रश्न पंधराजणांनी विचारला तर पंधराजणांना उत्तर देत बसू नका. "रविवारी किती वाजता?" असं तिघांनी विचारलं की समजायचं मूळ मेसेजमध्ये वेळ लिहायची राहिली, आणि लिस्टवर एक ओळ परत टाकायची. प्रश्न कोणी विचारला ते लिहायचं नाही.

मग ग्रुप कधी ठेवायचा

जिथे एकाचं उत्तर बाकीच्यांच्या उपयोगाचं असतं तिथे. प्रदर्शनाच्या दिवशी कोण काय सामान आणणार हे ठरवताना मी आठजणांचा वेगळा ग्रुप केला, कारण "फळे मी आणतो" हे बाकी सातजणांना दिसलं नाही तर आठ फळे जमा होतील (चित्र टेकवायचा फळा, खायचं फळ नव्हे, यावरूनही त्या ग्रुपवर एक गोंधळ झालाच). काम झालं, ग्रुप बंद केला. आठही जणांना आधी विचारलं होतं की तुमचा नंबर बाकीच्यांना दिसेल, चालेल ना. एवढं विचारायला दहा मिनिटं लागतात.

दुसरी जागा म्हणजे सूचना पाठवणारे एकापेक्षा जास्त असतील तिथे. ब्रॉडकास्ट लिस्ट ती बनवणाऱ्याच्याच खात्यात असते, दुसऱ्या कोणाला तिच्यात हक्क देता येत नाही, आणि दोघांनी वेगवेगळ्या लिस्ट ठेवल्या की महिन्याभरात त्या जुळेनाशा होतात.

अशा वेळी लोकांना एकमेकांचे नंबर दिसले तरी हरकत नसेल तर फक्त ॲडमिन लिहील असा ग्रुप ठीक आहे. ग्रुपच्या माहितीत `Group permissions` मध्ये जाऊन `Send new messages` बंद करायचं, आणि तिथेच सदस्यांनी माणसं जोडण्याचा हक्क पण बंद करायचा, हे दुसरं लोक विसरतात. पालकाला काही सांगायचं असेल तर तो ॲडमिनला वेगळा मेसेज करेल. नंबर दिसणं चालणार नसेल आणि पाठवणारेही दोन-तीन असतील तर कम्युनिटी बनवा, तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनना दिसतात, आणि नंबर सेव्ह असण्याची अटही नाही. पण कम्युनिटीच्या आत चर्चेचे जे ग्रुप असतात ते साधे ग्रुपच, त्यात कोणी शिरला की त्याचा नंबर तिथल्यांना दिसणार.

चॅनेल हे या कामाचं नाही असं माझं मत. तिथे कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही हे खरं, पण ते जाहीर फलकासारखं आहे, आणि त्यातले मेसेज वैयक्तिक चॅटसारखे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. ठरावीक 73 घरांनाच सांगायची गोष्ट तिथे का टाकायची. टेलिग्रामच्या चॅनेलमध्ये सदस्यांची यादी फक्त ॲडमिनला दिसते, ते सूचनांना बरं पडतं, पण त्याला चर्चेचा ग्रुप जोडला की खाली लिहिलेली उत्तरं सगळ्यांना दिसायला लागतात, तो जोडूच नका. सिग्नलमध्ये ब्रॉडकास्ट लिस्ट नाही, ॲडमिनपुरता ग्रुप करता येतो, नंबर 2024 पासून आपोआप झाकलेला असतो पण यादीतली नावं बाकीच्यांना दिसतातच, म्हणजे त्या समुपदेशकबाईंचा प्रश्न तिथे सुटत नाही.

जुना ग्रुप आहे, तो कसा मिटवायचा

घाईने डिलीट करू नका, अर्धे लोक हरवतील. मी असं केलं: आधी ग्रुप ॲडमिनपुरता केला, म्हणजे नवीन चुका थांबल्या. मग ग्रुपची आमंत्रणाची लिंक रीसेट केली, ती कुठे कुठे फिरली असेल देव जाणे. मग वरच्या सहा पायऱ्या. त्या काळात तीन आठवडे प्रत्येक सूचना दोन्हीकडे टाकली, ग्रुपवर आणि लिस्टवर, आणि ग्रुपवर दर वेळी एक ओळ जोडली: "हाच मेसेज तुम्हाला माझ्याकडून वेगळा आला नसेल तर मला कळवा." या एका ओळीने तपासणीतून सुटलेले शेवटचे दोनजण सापडले. पोचलेल्यांचा आकडा 73 झाल्यावर ग्रुपमधून सगळ्यांना एकेक करून काढलं आणि शेवटी मी बाहेर पडले.

काढलेल्यांच्या फोनमध्ये जुने मेसेज राहतात, आणि ज्याने नंबर आधीच उतरवून घेतले त्याच्याकडून ते परत घेता येत नाहीत. त्या जाहिरातवाल्या पालकांचे मेसेज अजूनही अधूनमधून कोणाला तरी येतात. मी त्यांना बोलले, ते म्हणाले, "नंबर तर ग्रुपवरच होते ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.